फुप्फुसाभोवतीच्या पाण्याचा हिशेब

फुप्फुसाला दोन पदरांचे पातळ आवरण असते. आतला पदर थेट फुप्फुसाला चिकटलेला असतो. बाहेरचा पदर बरगड्यांच्या आतल्या बाजूला, खाली श्वासपटलावर आणि मध्ये हृदयाच्या बाजूला पसरलेला असतो. फुप्फुसाच्या मुळाशी हे दोन्ही पदर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे त्यांच्या मधली जागा सर्व बाजूंनी बंद असते. ही जागा इतकी अरुंद असते की तिला पोकळी म्हणणेही धाडसाचे वाटते. तिची रुंदी १० ते २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. तिच्यात पाण्यासारख्या द्रवाचा एक थर असतो. ६० किलो वजनाच्या निरोगी माणसात एका बाजूचा सगळा द्रव गोळा केला तर तो सुमारे ८ मिलिलिटर, म्हणजे दीड चमचा भरेल. या थरामुळे श्वासागणिक फुप्फुस छातीच्या भिंतीवरून न घासता सरकते.

हा दीड चमचा द्रव एकदा भरला आणि तसाच राहिला, असे होत नाही. तो सतत झिरपत असतो आणि सतत वाहून जात असतो. छातीत पाणी होणे हा आजार समजून घ्यायचा तर हे पाणी कुठून येते आणि कुठून जाते, या दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके चुकीचे दिले जात होते.

पाणी येते ते मुख्यतः बाहेरच्या पदरातल्या केशवाहिन्यांतून. या वाहिन्या शरीराच्या मुख्य रक्ताभिसरणाचा भाग असल्याने त्यांच्यात दाब बऱ्यापैकी असतो, पाठ्यपुस्तकांतल्या आकड्यानुसार सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याइतका. दुसरीकडे फुप्फुस आत आकसू पाहते आणि छातीचा पिंजरा बाहेर फैलावू पाहतो. या ओढाताणीमुळे मधल्या जागेत वातावरणापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर कमी दाब असतो. म्हणजे आतून ढकलणारे ३० आणि बाहेरून ओढणारे ५, असा एकूण ३५ चा जोर पाण्याला वाहिनीबाहेर काढू पाहतो. त्याला विरोध करतात रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन. ती पाणी धरून ठेवतात आणि त्यांची ओढ सुमारे ३४ इतकी असते. पण मधल्या द्रवातही थोडी प्रथिने असतात आणि ती उलट दिशेला ५ ने ओढतात. उरला विरोध २९ चा. ३५ मधून २९ गेले की ६ उरतात, आणि या किरकोळ शिलकीवर पाणी झिरपत राहते. दाब आणि प्रथिनांची ओढ यांचा हा हिशेब इंग्लंडमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आलेले पाणी जाते कुठे? १९२७ मध्ये नीरगार्ड यांनी स्टार्लिंगच्या नियमावरून तर्क केला की पाणी बाहेरच्या पदरातून येते आणि आतल्या पदरातल्या केशवाहिन्यांत शोषले जाते, कारण फुप्फुसातला रक्तदाब कमी असतो. तर्क देखणा होता आणि पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकून राहिला. पण माणसाचा आतला पदर जाड असतो. त्यातल्या वाहिन्या पृष्ठभागापासून दूर असतात आणि त्यांना रक्त मिळते ते श्वासनलिकांच्या धमन्यांतून, म्हणजे तेही मुख्य रक्ताभिसरणातूनच. शिवाय केशवाहिनीने पाणी परत शोषले तर प्रथिने मागे राहायला हवीत आणि उरलेला द्रव दिवसागणिक दाट होत जायला हवा. १९८० च्या दशकात अमेरिकेत मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगांनी नेमके हेच तपासले. मेंढीच्या छातीत ठरावीक प्रथिने असलेला द्रव सोडला आणि काही तासांनी उरलेला मोजला. द्रव कमी झाला होता, पण त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ तेच होते. द्रवात सोडलेल्या तांबड्या रक्तपेशीही अखंड अवस्थेत रक्तात परतल्या. याचा अर्थ पाणी, प्रथिने आणि पेशी एकाच वाटेने, जशाच्या तशा बाहेर पडत होत्या. केशवाहिनीच्या भिंतीतून तांबडी पेशी अशी आत शिरू शकत नाही. एवढी मोठी वस्तू जाऊ देणारी वाट एकच आहे, ती म्हणजे लसीकावाहिन्यांची.

ही वाट खरे तर बरीच आधी दिसली होती. १८६३ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रेकलिंगहाउझेन यांनी सशाच्या श्वासपटलाच्या पोटाकडच्या बाजूवर दुधाचा थेंब ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. दुधातले स्निग्धकण भोवऱ्यासारखे फिरत ठरावीक ठिकाणी पटलात शिरत होते. तिथे सूक्ष्म छिद्रे होती. छातीच्या बाजूलाही, बाहेरच्या पदरावर अशी छिद्रे असल्याचे पुढे कळले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे ती स्पष्ट पाहताही आली. काही मायक्रॉन रुंदीची ही छिद्रे पृष्ठपेशींच्या मधून थेट खालच्या लसीकाकोटरात उघडतात. ती सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. श्वासपटलावर, मधल्या भागाच्या तळाशी आणि खालच्या बरगड्यांच्या मधल्या भागात ती दाट असतात. गुरुत्वाकर्षणाने पाणी जिथे उतरते तिथेच. आतल्या पदरावर, फुप्फुसाच्या बाजूला, अशी छिद्रे नाहीत. त्यामुळे पाणी बाहेरच्या पदरातून येते आणि बाहेरच्याच पदरातून जाते.

छिद्रातून कोटरात, कोटरातून बारीक लसीकावाहिनीत, तिथून बरगड्यांच्या आणि छातीच्या मध्यभागातल्या लसीकाग्रंथींत, आणि शेवटी मानेच्या बुंध्याशी मोठ्या शिरेत, असा हा प्रवास आहे. त्याला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. लसीकावाहिनीची भिंत स्वतः अधूनमधून आकसते, श्वासाच्या हालचालीने तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, आणि आतल्या एकतर्फी झडपा पाण्याला मागे येऊ देत नाहीत. एवढ्या साध्या यंत्रणेवर द्रव पुढे सरकतो. प्रवासाचा शेवट शिरेत होतो ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण त्या शिरेतला दाब वाढला तर निचऱ्याच्या तोंडाशीच अडथळा येतो.

आता आकडे. मेंढ्यांमधल्या मोजमापानुसार पाण्याची आवक दर किलो वजनामागे तासाला सुमारे ०.०१ मिलिलिटर असते. हेच प्रमाण ६० किलोच्या माणसाला लावले तर दिवसाला साधारण १५ मिलिलिटर होतात. पाणी मुद्दाम जास्त सोडले तेव्हा निचऱ्याचा वेग वाढत जाऊन दर किलोमागे तासाला सुमारे ०.२८ मिलिलिटरपर्यंत पोहोचला, म्हणजे त्याच माणसात दिवसाला ४०० मिलिलिटर. हे आकडे मेंढीवरून माणसावर आणलेले आहेत, त्यांचा अंदाज म्हणूनच उपयोग करावा. तरी त्यांतला मुद्दा ठाम आहे: निचऱ्याची क्षमता रोजच्या गरजेच्या वीस-तीस पट आहे. नळ थेंबथेंब गळतो आहे आणि मोरी मात्र बादली ओतली तरी तुंबणार नाही इतकी मोठी आहे, असा हा प्रकार.

या राखीव क्षमतेचा अर्थ असा की छातीत पाणी साचणे सोपे नाही. निचरा पूर्ण बंद पडला आणि आवक नेहमीइतकीच राहिली, तर अर्धा लिटर साचायला महिन्याहून अधिक काळ लागेल. उलट निचरा धडधाकट असेल, तर आवक तीसपट झाल्याशिवाय एक थेंबही शिल्लक पडणार नाही. प्रत्यक्षात दोन-तीन आठवड्यांत लिटरभर पाणी झालेले रुग्ण रोज दिसतात. अशा बहुतेकांमध्ये दोन्ही बाजूंचे बिघाड एकत्र आलेले असतात. आवक वाढलेली असते आणि निचराही घटलेला असतो.

हे कसे घडते ते भारतातल्या तरुण रुग्णांमध्ये फार आढळणाऱ्या कारणावरून, म्हणजे क्षयाच्या पाण्यावरून पाहता येते. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाचे उदाहरण घेऊ. सुरुवात उजव्या कुशीत चमक मारण्याने होते. खोल श्वास घेतला किंवा खोकला आला की कळ येते. सोबत संध्याकाळचा ताप आणि कोरडा खोकला. आठ-दहा दिवसांनी चमक कमी होते आणि घरच्यांना बरे वाटते, पण आता जिना चढताना दम लागतो. या क्रमामागे कारण आहे. वेदनेच्या नसा बाहेरच्या पदरात असतात, आतल्यात नाहीत. सुजलेले दोन पदर एकमेकांवर घासतात तोवर कळ येते. मधे पाणी भरले की ते वेगळे होतात आणि घासणे थांबते. म्हणून कुशीतले दुखणे थांबले आणि दम वाढला तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये.

आत काय झालेले असते? फुप्फुसाच्या कडेला, आवरणाच्या अगदी खाली असलेली क्षयाची छोटी गाठ फुटते आणि तिच्यातला थोडा माल मधल्या जागेत पडतो. जिवाणू मोजकेच असतात. पण त्यांच्या प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारपेशी आधीच ओळखत असल्याने प्रतिक्रिया तीव्र होते. केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि एरवी आत अडून राहणारी प्रथिने पाण्यासोबत बाहेर येऊ लागतात. प्रथिने बाहेर आली की विरोधाची ओढ कमी होते आणि पाणी आणखी येते. ही आवकीची बाजू झाली. त्याच वेळी सूज आणि फायब्रिनचे जाळे बाहेरच्या पदरावरच्या छिद्रांवर पसरते, आणि जाणारे पाणी अडते. किरणोत्सारी खूण लावलेले अल्ब्युमिन रुग्णाच्या छातीतल्या पाण्यात सोडून ते किती वेगाने निघून जाते, हे १९६० च्या दशकात मोजले गेले. हृदयविकाराने झालेल्या पाण्यातून ते जितक्या वेगाने गेले, त्याहून क्षयाच्या आणि कर्करोगाच्या पाण्यातून बरेच संथ गेले.

या तरुणाच्या छातीत तीन आठवड्यांत १२०० मिलिलिटर पाणी झाले असे धरू. म्हणजे रोज सरासरी ५७ मिलिलिटर शिल्लक. निचरा पूर्ण क्षमतेने चालू असता तर त्यासाठी आवक रोज ४५७ मिलिलिटर, म्हणजे नेहमीच्या तीसपट लागली असती. निचरा चौथाईवर, रोज १०० वर आला असेल, तर आवक १५७, म्हणजे साधारण दहापट झाली तरी पुरते. सुजलेल्या आवरणात दहापट आवक सहज शक्य आहे. रुग्णाच्या छातीत हे दोन आकडे वेगवेगळे मोजण्याची सोय दवाखान्यात नसते, दिसते ती फक्त वजाबाकी.

तीही लगेच दिसत नाही. उभ्याने काढलेल्या छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये बरगड्या आणि श्वासपटल यांच्या मधला टोकदार कोन बोथट व्हायला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. सोनोग्राफीत त्याहून बरेच कमी पाणीही कळते. डॉक्टर पाठीवर बोटे ठेवून ठोकतात तेव्हा पाण्यावर आवाज दगडासारखा बद्द येतो. तिथे श्वासाचा आवाज मंद होतो, आणि रुग्णाला बोलायला सांगितले तर हाताला जाणवणारी थरथरही कमी होते.

पाणी कशाचे आहे हे सुई घालून काढलेल्या नमुन्यावरून ठरते. इथे लसीकेच्या निचऱ्याची ती जुनी खूण उपयोगी पडते. निचरा पाणी आणि प्रथिने एकत्रच नेतो, तो गाळत नाही. त्यामुळे साचलेल्या पाण्यातले प्रथिनांचे प्रमाण ते कोणत्या दारातून आले हे सांगते. गाळणी शाबूत असून नुसता दाब बिघडला असेल तर पाणी पातळ, गाळणीच फाटली असेल तर दाट. १९७२ मध्ये रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विभागणी तीन निकषांत बसवली. पाण्यातली प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त, पाण्यातले एलडीएच हे एन्झाइम रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा पाण्यातले एलडीएच रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या दोन तृतीयांशाहून जास्त. यांतली एकही गोष्ट असली तर पाणी दाट गटातले, म्हणजे सुजेचे. आपल्या तरुणाच्या पाण्यात प्रथिने ५.२ आणि रक्तात ७ ग्रॅम निघाली, तर गुणोत्तर ०.७४ येते. पाण्याचा रंग गवताच्या काडीसारखा पिवळा, पेशींमध्ये लिम्फोसाइट नव्वद टक्के, आणि एडीए या एन्झाइमची पातळी ४० युनिटच्या बरीच वर. हे चित्र क्षयाचे आहे. पाण्यात क्षयाचे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली मात्र क्वचितच सापडतात, कारण ते मुळातच थोडे असतात. अहवालात ‘जिवाणू नाहीत’ असे आले म्हणून क्षय नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

उपचार सहा महिन्यांच्या औषधांचा. दम लागत असेल तर पाणी काढतात, पण ते शेवटच्या थेंबापर्यंत काढलेच पाहिजे असे नाही. सूज ओसरली की छिद्रे मोकळी होतात आणि उरलेले पाणी काही आठवड्यांत आपोआप जाते. इथेच एक धोक्याची जागा आहे. क्षयाचे पाणी औषध न घेताही अनेकदा दोन-चार महिन्यांत नाहीसे होते, कारण प्रतिक्रिया शांत होऊन निचरा सुरू होतो. पण जिवाणू तिथेच राहतात. प्रभावी औषधे हाती येण्यापूर्वी असे पाणी होऊन आपोआप बऱ्या झालेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या सुमारे ६५ टक्के जणांना पुढे सक्रिय क्षय झाला. पाणी गेले याचा अर्थ निचऱ्याची वाट उघडली, एवढाच. दुसऱ्या महिन्यात एक्स-रे स्वच्छ दिसला म्हणून गोळ्या बंद करणारा रुग्ण नेमकी हीच गफलत करतो.

हृदय अशक्त झाल्याने होणारे पाणी याच्या अगदी उलट जातीचे असते. हृदयाची डावी बाजू रक्त पुढे ढकलू शकली नाही की फुप्फुसातल्या वाहिन्यांत दाब तुंबतो आणि फुप्फुसाच्या ऊतींत पाणी झिरपते. ते जास्त झाले की आतल्या पदरातून पाझरून मधल्या जागेत येते. मेंढ्यांमध्ये फुप्फुसात असे झिरपलेल्या पाण्यापैकी सुमारे चौथा हिस्सा या मार्गाने बाहेर पडलेला आढळला. निरोगी स्थितीत आतला पदर जवळजवळ निष्क्रिय असतो, आजारात मात्र मोठी आवक तिथूनच होते. उजव्या बाजूचा दाबही वाढला असेल तर मानेजवळच्या शिरेत दाब वाढतो आणि लसीकेला तिथे रिते होणे जड जाते. छिद्रे उघडी, वाहिन्या धडधाकट, पण मुखाशी अडथळा. हे पाणी बहुधा दोन्ही बाजूंना होते, पातळ असते, आणि सुई न घालता लघवी वाढवणाऱ्या औषधांनी ओसरते. त्यातही एक फसगत होते. ही औषधे सुरू झाल्यावर शरीरातले पाणी वेगाने कमी होते, प्रथिने तेवढ्या वेगाने जात नाहीत, आणि लाइट यांच्या निकषांवर पाणी खोटेच दाट गटात जाते. अशा वेळी रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा करतात. फरक १.२ ग्रॅमहून जास्त असेल तर दोष दाबाचाच समजतात.

यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटात साचलेले पाणी श्वासपटलातल्या बारीक भोकांतून वर ओढले जाते, कारण वर दाब कमी असतो. ते बहुधा उजवीकडे दिसते. कर्करोगात पेशी छिद्रांपासून मध्यछातीतल्या ग्रंथींपर्यंत निचऱ्याची सगळी वाट व्यापतात, आणि वर आवरणावरच्या गाठींतून आवकही वाढते. असे पाणी काढले तरी काही दिवसांत पुन्हा भरते, कारण सुईने फक्त साठा कमी होतो, हिशेब बदलत नाही.

पाणी काढण्यालाही मर्यादा आहेत. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते. एका वेळी साधारण दीड लिटरच्या आसपास थांबतात, आणि छातीत घट्टपणा किंवा खोकल्याची उबळ आली तर त्याआधीच. बरेच दिवस दाबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्याच्या आतच पाणी उतरू शकते, आणि तो प्रसंग जिवावर बेततो.

निचरा कायमचाच गेला असेल तर ती जागाच बंद करण्याचा उपाय उरतो. सगळे पाणी काढून छातीत शुद्ध केलेली टाल्क पावडर सोडतात. तिच्यामुळे मुद्दाम सूज येते आणि दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. मधली जागा गेली तरी माणूस श्वास घेऊ शकतो. प्रौढ हत्तीच्या छातीत ही जागा मुळातच नसते, दोन्ही पदर संयोजी ऊतीने जोडलेले असतात, आणि त्याचे काही अडत नाही. मात्र पदर चिकटायचे तर फुप्फुस पूर्ण फुलून भिंतीला टेकले पाहिजे. जाड आवरणाने किंवा गाठीने ते अडकले असेल तर पावडर निरुपयोगी ठरते. अशा रुग्णाच्या छातीत एक बारीक नळी कायम ठेवतात आणि घरच्यांना पाणी काढायला शिकवतात.